सकाळचा चहा बंद केला आणि पोटच बसलं. कॅफीन पोट साफ करतं की पाणी ओढून घेतं?

कपबशी (सोमवार, रात्री ९:१०)

मंडळी, विषय जरा नाजूक आहे, पण घरात विचारून झालं आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं निघालं, म्हणून इथे लिहितोय.

वय ५२. गेली पंचवीसेक वर्षं माझा एकच क्रम आहे. सहाला उठायचं, तोंड धुवायचं, कपभर चहा घ्यायचा, पंधरा-वीस मिनिटांत कळ येते आणि काम झालं. गोळी नाही, चूर्ण नाही, काही नाही. तीन आठवड्यांपूर्वी छातीत जळजळ वाढली म्हणून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, उपाशीपोटी चहा बंद करा. मी चहा पूर्णच बंद केला, दुसऱ्याच दिवसापासून.

पहिले दोन दिवस डोकं ठणकत होतं. तिसऱ्या दिवसापासून पोट गच्च. चौथ्या दिवशी कसंबसं झालं तेही खड्यांसारखं, आणि कुंथून कुंथून. तेव्हापासून दोन-तीन दिवसांआड असंच चाललंय.

मेहुणा म्हणतो, दोष चहाचाच. पंचवीस वर्षं चहाने आतडं सुकवून टाकलं आणि आता ते चहाशिवाय हलेना. बायको म्हणते, कॅफीन हेच एक सौम्य रेचक आहे, ते बंद झालं म्हणून पोट बंद. दोघं एकाच वेळी बरोबर कसे असतील?

---

द्वाड (सोमवार, रात्री ९:३२)

मेहुणा बरोबर. चहा-कॉफी मूत्रल असतात हे शाळेतलं पोरही सांगेल. एक कप प्यायलात की दीड कप पाणी बाहेर जातं. शरीराला पाणी कमी पडलं की मोठं आतडं मळातलं पाणी ओढून घेतं, म्हणून खडे. स्वतःचं सांगतो, दिवसाला सहा कप होतात माझे आणि दर तासाला उठावं लागतं. चहा सुटलाय तर सुटू दे, पाणी वाढवा. महिनाभरात सुरळीत होईल.

---

मोरपंखी (सोमवार, रात्री ९:५०)

माझं अगदी उलटं आहे हो! कॉफीचे चार घोट पोटात गेले की मला पळावं लागतं. ऑफिसला निघायच्या आधी दोनदा जाऊन येते तरी बसमध्ये पोटात गुडगुड चालूच. तुम्हाला होत नाही आणि मला थांबत नाही. देवाने वाटणी नीट केली नाही.

---

जुना_तंत्रज्ञ (सोमवार, रात्री १०:४५)

या विषयात आयुष्य गेलंय. आतड्याची हालचाल मोजायच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होतो. दाब मोजणारे सेन्सर बसवलेली बारीक नळी मोठ्या आतड्यात सरकवायची आणि पडद्यावर रेषा बघत बसायचं, हे काम.

ती रेषा डोळ्यांसमोर आणा. माणूस झोपलेला असताना ती जवळजवळ सपाट असते, मधूनच एखादा उंचवटा. माणूस जागा होतो, कुशीवर वळतो आणि रेषा हलायला लागते. अजून काही खाल्लं-प्यायलेलं नसतं, तरीही. मग न्याहारी पोटात जाते, पोट ताणलं जातं आणि काही मिनिटांत रेषेवर दाट डोंगर उमटतात. त्यातली एखादी लाट उंच असते आणि वरून खालपर्यंत सलग सरकत जाते. मळ पुढे ढकलणारी लाट ती. तिच्यामागोमाग रुग्ण हळूच म्हणायचा, "जाऊन आलो तर चालेल का?"

सांगायचं असं की सकाळी आतडं आपणहून तयारच असतं. चहा-कॉफी त्याला वरून धक्का देते. आता हा धक्का कशाचा असतो ते बघू. १९९० साली इंग्लंडमध्ये ९९ निरोगी तरुणांना विचारलं होतं की कॉफी घेतल्यावर कळ येते का. २९ टक्के हो म्हणाले. मग त्यातल्या काहींच्या आतड्यात नळी घालून मोजलं. कॉफी प्यायल्यावर चार मिनिटांत गुदाशयाजवळच्या भागात हालचाल वाढली आणि निदान अर्धा तास वाढलेली राहिली. ज्यांना कळ येत नाही म्हणाले त्यांच्यात काहीच फरक नाही. नुसतं गरम पाणी दिलं तर तसं झालं नाही. आणि कॅफीन काढलेली कॉफी दिली तरीही हालचाल वाढली!

म्हणजे वहिनींचं "कॅफीन हेच रेचक" अर्धंच खरं. १९९८ च्या दुसऱ्या एका मोजमापात साध्या कॉफीचा परिणाम पाण्यापेक्षा ६० टक्के आणि कॅफीनविरहित कॉफीपेक्षा २३ टक्के जास्त दिसला. कॅफीनचा हात आहे, पण कॉफीतलं आणखीही काहीतरी जठराकडून गॅस्ट्रिनसारखी संप्रेरकं सोडवून घेतं.

चार मिनिटांत कॉफी मोठ्या आतड्यापर्यंत पोचूच शकत नाही, हे लक्षात घ्या. ती अजून जठरातच असते. खाली पोचतो तो निरोप. आज सकाळी जे बाहेर पडतं ते बहुधा काल-परवाचं जेवण असतं, आजच्या कपाचा त्यात थेंबही नसतो.

आणि एक. ही मोजमापं कॉफीची आहेत, चहाची नाहीत. चहाच्या कपात कॅफीन साधारण निम्मं किंवा त्याहून कमी. तेव्हा कॉफीचे आकडे जसेच्या तसे चहाला लावू नका.

कपबशी, एक सांगा. आता सकाळी उठल्यावर नेमकं काय करता? वेळांसकट लिहा.

---

द्वाड (सोमवार, रात्री ११:०२)

निरोप वगैरे ठीक. पण पाणी जातं ते जातंच ना? माझ्या दर तासाच्या फेऱ्यांचं काय?

---

हिशेबनीस (मंगळवार, सकाळी ८:१५)

द्वाड, तुमचा वहीखाता मांडू. दीड कप कुठून आला ते माहीत नाही, पण प्रयोगांची बेरीज करून पाहिली आहे लोकांनी. सुमारे ३०० मिलिग्रॅम कॅफीनमागे लघवी सरासरी १०९ मिली वाढते. तुमचे सहा कप, प्रत्येकी दीडशे मिली धरू, म्हणजे पोटात गेलं ९०० मिली. कपामागे ४० मिलिग्रॅम धरलं तर कॅफीन २४०. जादा गेलं साधारण ९० मिली. शिल्लक ८०० च्या वर, आणि तीही जमेच्या बाजूला.

तासातासाला उठावं लागतं कारण तुम्ही दिवसात जवळजवळ एक लिटर पितच आहात. तेवढंच साधं पाणी प्यायलात तरी उठालच. शिवाय काहींचं मूत्राशय कॅफीनने चिडतं, थोडं भरलं तरी जावंसं वाटतं. फेऱ्या जास्त म्हणजे पाणी जास्त गेलं असं नाही. एक दिवस मापी भांड्यात मोजा. (घरातलं दुसऱ्या कामाचं भांडं घेऊ नका.)

२०१४ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी रोज तीन ते सहा कप कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना तीन दिवस रोज चार कप कॉफी दिली आणि दुसऱ्या फेरीत तितकंच पाणी. शरीरातलं एकूण पाणी मोजलं. फरक नाही. बायका त्यात नव्हत्या आणि सगळे सवयीचे पिणारे होते, हे मात्र ध्यानात ठेवा. ज्याला सवय नाही किंवा जो एका दमात चार-पाच कप ढोसतो, त्याला मूत्रल परिणाम जाणवतो. रोजच्या पिणाऱ्याचं शरीर सरावतं.

---

नलिनी_७ (मंगळवार, सकाळी ९:००)

कॉफीचा एनिमा घेतल्याने आतडं स्वच्छ होतं, विषारी द्रव्यं निघतात असं वाचलंय. धागा त्याचाच आहे ना? घरच्या घरी करता येतो का, प्रमाण काय?

---

जुना_तंत्रज्ञ (मंगळवार, सकाळी ९:४०)

नलिनीताई, नाही, धागा तोंडाने प्यायच्या चहा-कॉफीचा आहे. आणि कृपा करून ते करू नका. गरम द्रवाने गुदाशय भाजल्याच्या, आतड्याला सूज आल्याच्या आणि रक्तातले क्षार बिघडल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण सांगणार नाही, कारण सांगण्यासारखं प्रमाण नाही.

---

कपबशी (मंगळवार, दुपारी १:२०)

तंत्रज्ञसाहेब, हे वेळापत्रक:

सहाला उठतो. चहा नाही, म्हणून काहीच घेत नाही. सवयीप्रमाणे सव्वासहाला जाऊन बसतो. मोबाइल घेऊन. पाऊण तास. होत नाही. मग अंघोळ, कामं, आणि पहिला घास साडेनऊ-दहाला. खाल्ल्यावर कधी कधी थोडी कळ येते, पण तेव्हा कामाचे फोन चालू असतात, मग राहून जातं.

---

जुना_तंत्रज्ञ (मंगळवार, दुपारी २:०५)

मग सापडलं की! तुम्ही चहा काढलात पण त्याच्या जागी काहीच ठेवलं नाहीत. पोट रिकामं, निरोप नाही, आणि तुम्ही दारात जाऊन बसलात. दहाला खाल्ल्यावर निरोप येतो तर तुम्ही फोनवर. कळ दाबली की ती विरते. मळ मागेच थांबतो आणि मोठं आतडं त्यातलं पाणी सावकाश शोषत राहतं. खडे होतात ते त्या मुक्कामामुळे.

पाण्याचाही हिशेब बघा, द्वाड. आपण पितो ते आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव आतड्यात येतो. बहुतेक सगळा लहान आतड्यातच शोषला जातो. मोठ्या आतड्याकडे लिटर-दीड लिटर पोचतो, आणि मळातून शेवटी बाहेर पडतं शंभर-दोनशे मिली. या व्यवहारात चहापायी गेलेले पंधरा मिली कुठे दिसणार? ज्याला खरंच पाणी कमी पडतंय त्याने प्यावं, पण पुरेसं पिणाऱ्याने वर दोन लिटर ओतले तर लघवी वाढते, मळ मऊ होईलच असं नाही.

---

औषधाची_पुडी (मंगळवार, दुपारी ४:३०)

औषधांच्या काउंटरमागे उभी असते म्हणून विचारते. कपबशी, जळजळीसाठी डॉक्टरांनी काही दिलं का? किंवा तुम्ही स्वतःहून काही घेताय का?

---

कपबशी (मंगळवार, संध्याकाळी ६:१०)

डॉक्टरांनी दिलेली एक कॅप्सूल आहे सकाळची. आणि चघळायच्या गोळ्या, त्या मीच आणल्या. दिवसाला चार-पाच होतात. हो, त्याही चहा सोडला त्याच आठवड्यात सुरू केल्या. पाकिटावर कॅल्शियम कार्बोनेट लिहिलंय. त्याचा काय संबंध?

---

औषधाची_पुडी (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

संबंध आहे. कॅल्शियम कार्बोनेटने पुष्कळांना बद्धकोष्ठ होतं. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असलेल्यांनीही. मॅग्नेशियमवाल्या आम्लनाशकांनी उलट जुलाब होतात, म्हणून काही औषधांत दोन्ही एकत्र घालतात. चार-पाच गोळ्या रोज म्हणजे थोडं नाही. त्यात उगाच मॅग्नेशियमकडे उडी मारू नका, मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर ते चालत नाही. डॉक्टरांना सांगा की मी या गोळ्या घेतोय, कारण त्यांना ते माहीत नसावं.

---

द्वाड (मंगळवार, संध्याकाळी ७:००)

म्हणजे चहावर उगाच आळ? पण मेहुण्याला सांगायचं काय?

---

मोरपंखी (मंगळवार, संध्याकाळी ७:२०)

मला कोणी वालीच नाही का? माझ्या पळापळीचं काय?

---

औषधाची_पुडी (मंगळवार, संध्याकाळी ८:००)

मोरपंखी, कॉफी दुधाची पिता की कोरी?

---

मोरपंखी (मंगळवार, संध्याकाळी ८:०४)

दुधाची. मोठा मग, निम्म्याहून जास्त दूधच.

---

औषधाची_पुडी (मंगळवार, संध्याकाळी ८:१५)

मग चार दिवस कोरी पिऊन बघा. गुडगुड आणि वायू गेले तर गुन्हेगार दुधातली साखर असेल, ती काहींना पचत नाही. कोरीनेही पळावं लागलं तर तुम्ही त्या २९ टक्क्यांतल्या.

---

मोरपंखी (शनिवार, सकाळी १०:३०)

कोरी प्यायले. गुडगुड गेली, वायू गेला. पण पळावं लागलंच, पंधरा मिनिटांत. दोन्हींत आहे म्हणायची मी. आणि कोरी कॉफी कडू लागते हो.

---

कपबशी (तेरा दिवसांनी, रविवार, सकाळी ११:००)

अहवाल देतो. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी चघळायच्या गोळ्या थांबवायला सांगितल्या, कॅप्सूल चालू. त्यांचं म्हणणं, त्यांनी चहा "उपाशीपोटी नको" म्हटलं होतं, "कधीच नको" नव्हे. ऐकण्यात माझीच चूक.

मग वहीत लिहायला लागलो. सहाला उठून पेलाभर कोमट पाणी. न्याहारी ओढून पावणेसातला आणली, आणि भरपेट, नावापुरती नाही. खाऊन झालं की वीसेक मिनिटांनी जायचं. पायाखाली छोटं स्टूल, गुडघे वर, मोबाइल बाहेर. सात-आठ मिनिटांत नाही झालं तर उठायचं, कुंथायचं नाही.

पहिला दिवस काही नाही. दुसराही. तिसऱ्या दिवशी थोडंसं, कडकच. चौथा दिवस कोरडा गेला, धीर सुटत होता. पाचव्या दिवशी सव्वासातला व्यवस्थित. सहाव्यालाही. सातव्यापासून न्याहारीनंतर अर्धा कप चहा घेतोय, जळजळ नाही. नवव्या-दहाव्या दिवशी मुद्दाम चहा वगळला, न्याहारी तीच, वेळ तीच. दोन्ही दिवस झालं, फक्त वीसऐवजी पस्तीस-चाळीस मिनिटं लागली. अकराव्या दिवशी कामाला लवकर निघालो, न्याहारी बुडाली, नुसता चहा मिळाला. कळ आली, पण पुरतं झालं नाही.

---

हिशेबनीस (रविवार, सकाळी ११:४०)

वही छान ठेवलीत. पण एक घोळ आहे. गोळ्या बंद आणि न्याहारी लवकर, हे दोन्ही तुम्ही एकाच दिवशी केलंत. पाचव्या दिवशीचं श्रेय कोणाला देणार? गोळ्यांचा असर ओसरायलाही तीन-चार दिवस लागले असतील.

---

कपबशी (रविवार, दुपारी १२:०५)

मान्य. पण श्रेय वेगळं काढायला पुन्हा गोळ्या घेऊन बघायची हौस नाही.

---

जुना_तंत्रज्ञ (रविवार, दुपारी १२:३०)

नकोच. तुमच्या वहीतला अकरावा दिवस मला जास्त बोलका वाटतो. एकटा चहा कळ आणतो, पण लाट पुरती यायला पोटात घास लागतो. भरपूर खाण्याचा धक्का पेल्यातल्या धक्क्याहून जास्त वेळ टिकतो.

तरी वयाचं म्हणून सांगतो. तुम्ही ५२ चे. सवय बदलून काही आठवडे झाल्यावरही पोट पूर्ववत नाही, किंवा रक्त दिसलं, वजन उतरलं, मळ काळा डांबरासारखा झाला, तर चहा की गोळी या वादात वेळ घालवू नका. तपासणी करून घ्या.

---

द्वाड (रविवार, दुपारी १:१५)

मी मोजलं. मापी भांडं नवीन आणलं (हिशेबनीस, टोमणा कळला). दिवसभरात सहा कप चहा धरून एकूण आत गेलं २३०० मिली, बाहेर आलं १७५०. घाम, श्वास वगळता तूट नाही. दुसऱ्या दिवशी चहाऐवजी तितकंच पाणी प्यायलो, बाहेर आलं १६८०. फेऱ्या मात्र चहाच्या दिवशी अकरा, पाण्याच्या दिवशी सात. दीड कपाचं विधान मागे. मूत्राशय चिडतं हे मात्र पटलं.

---

नलिनी_७ (रविवार, दुपारी २:००)

एनिमा रद्द केला. न्याहारी लवकर करतेय, ते सोपं आहे.

---

कपबशी (सोमवार, सकाळी ७:३५)

एक गंमत राहिली, तंत्रज्ञसाहेब, हे समजावा. आज न्याहारी झाली, चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळायला लागलं, पत्ती टाकली, वास दरवळला आणि तिथेच कळ आली. गॅस बंद करून पळालो. चहाचा थेंबही घेतलेला नव्हता.

---

जुना_तंत्रज्ञ (सोमवार, सकाळी ८:२०)

न्याहारीचा निरोप आधीच निघाला असेल, वीस मिनिटं झालीच होती. किंवा पंचवीस वर्षं वास आला की पुढे काय होणार हे आतड्याला पाठ झालंय. नुसत्या वासाने जठरात रस सुटतो हे पक्कं आहे, मोठ्या आतड्यापर्यंत ते कितपत पोचतं यावर आमच्या प्रयोगशाळेतही दोन तट होते.

---

हिशेबनीस (सोमवार, सकाळी ८:२६)

उद्या न्याहारीच्या आधी नुसतं आधण ठेवून बघा. पिऊ नका. वेळ लिहून ठेवा.